F1 दाबलं म्हणजे सेव्ह झालं?

PCSX2 या एम्युलेटरवर प्लेस्टेशन-टूचा कुठलाही खेळ चालू असताना F1 दाबा. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच `sstates` नावाच्या फोल्डरमध्ये `.p2s` या शेपटीची एक फाइल पडते. ही शेपटी दिखाऊ आहे, कारण आतून ती चक्क झिप फाइल असते. तिची एक नक्कल करा, नक्कलेच्या नावापुढे `.zip` लावा आणि उघडा. आत जी यादी दिसते तीच या लेखाची कुंडली आहे.

यादीतली `eeMemory.bin` उलगडली की बरोबर 33,554,432 बाइट भरते, म्हणजे 32 मेगाबाइट. ही प्लेस्टेशन-टूची अख्खी मुख्य मेमरी. शेजारी `iopMemory.bin`, ती 2 मेगाबाइटची. `SPU2.bin` मध्ये त्या क्षणी आवाजाच्या चिपच्या पोटात जे काही होतं ते, `GS.bin` मध्ये चित्राच्या चिपच्या पोटातलं. वर `Screenshot.png`, म्हणजे तुम्ही बटण दाबलंत तेव्हा पडद्यावर काय होतं त्याचा फोटो. थोडक्यात, सेव्ह स्टेट म्हणजे तुमच्या खेळाची प्रगती नव्हे. ते त्या क्षणी गोठवलेलं अख्खं मशीन.

आता यादीत काय नाही ते बघा. मेमरी कार्ड नाही. ते दुसऱ्याच फोल्डरमध्ये, `memcards` मध्ये, `Mcd001.ps2` या नावाने वेगळं नांदतं. सेव्ह स्टेट आणि इन-गेम सेव्ह यांच्यातली बहुतेक भांडणं या एका गैरहजेरीतून सुरू होतात.

खेळाला पत्ताच नसतो

'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास' मध्ये घरात जाऊन फिरत्या फ्लॉपीच्या चिन्हावर उभं राहिल्याशिवाय सेव्ह होत नाही. सेव्ह केलं की खेळातलं घड्याळ सहा तास पुढे जातं, जणू सीजे झोप काढून उठला. मिशनच्या मध्यात सेव्ह करायची सोयच नाही. म्हणून 'राँग साइड ऑफ द ट्रॅक्स' मधल्या त्या आगगाडीने छळलेल्यांना F1 म्हणजे देवाने पाठवलेलं बटण वाटतं, आणि ते साहजिक आहे.

पण F1 दाबलेलं खेळाला कळत नाही. घड्याळ सहा तास पुढे जात नाही, कार्डावर एक बाइट लिहिला जात नाही. गेमक्यूबवरच्या 'अॅनिमल क्रॉसिंग' मध्ये सेव्ह न करता मशीन रीसेट केलं की पुढच्या वेळी मिस्टर रेसेटी नावाचा चिचुंदरीसारखा गृहस्थ जमिनीतून वर येऊन लांबलचक झाडाझडती घेतो. डॉल्फिन एम्युलेटरवर तुम्ही खुशाल सेव्ह स्टेटवरून मागे या. खेळाच्या लेखी रीसेट झालेलंच नसतं, त्यामुळे बिचाऱ्याला बाहेर यायला निमित्त मिळत नाही.

नशीबही त्याच फाइलीत

गंमत अशी की योगायोगसुद्धा गोठतो. खेळातले फासे एका आकड्यावरून पडतात, आणि तो आकडा मेमरीतच असतो. म्हणून 'पोकेमॉन एमराल्ड' मध्ये गवतात पाऊल टाकण्याआधी स्टेट घेतली, पुन्हा पुन्हा तीच लोड केली आणि दर वेळी त्याच फ्रेमला तेच बटण दाबलं, तर दर वेळी तोच पोकेमॉन समोर येतो. निकाल बदलायचा तर थोडं थांबून बटण दाबायचं, एवढाच उपाय. एमराल्डची आणखी एक खोड आहे. खेळ नव्याने सुरू केला की तो आकडा दर वेळी शून्यावरूनच निघतो. म्हणजे इन-गेम सेव्हवरून सुरुवात केली तरी फासे त्याच क्रमाने पडायला लागतात. शायनी पोकेमॉनच्या मागे लागलेल्यांनी यावर वेळापत्रकं बनवली आहेत.

जुना सातबारा

आता मुख्य भांडणाकडे येऊ. एक प्रसंग नीट उलगडून पाहू.

शनिवारी सकाळी तुम्ही सॅन अँड्रियास खेळता खेळता स्लॉट एकमध्ये स्टेट घेतली. दुपारी घरी जाऊन फ्लॉपीवर उभे राहिलात आणि रीतसर कार्डावर सेव्ह केलं. रविवारी त्याच कार्डावर 'शॅडो ऑफ द कोलॉसस' ची पहिलीच सेव्ह पडली. सोमवारी तुम्हाला शनिवारचा तो क्षण पुन्हा जगायचा आहे, म्हणून F3 दाबून स्टेट लोड केली, थोडं खेळलात आणि मग शहाण्यासारखं घरी जाऊन कार्डावर सेव्ह केलं.

इथे काय घडलं? प्लेस्टेशन-टूमध्ये कंट्रोलर आणि मेमरी कार्ड मुख्य प्रोसेसर सांभाळत नाही. ते काम दुसऱ्या एका लहान प्रोसेसरकडे असतं, आणि तो म्हणजे मूळच्या पहिल्या प्लेस्टेशनचाच प्रोसेसर. जुने खेळ चालावेत म्हणून सोनीने तो आत ठेवला आणि उरलेल्या वेळी त्याला ही हमाली दिली. कार्डाचा कारभार पाहणारा छोटा प्रोग्राम याच्याच 2 मेगाबाइट मेमरीत राहतो. कार्डाचे एकेक किलोबाइटचे तुकडे असतात. कुठला तुकडा कुणाच्या नावावर आहे आणि कुठला मोकळा आहे याच्या नोंदी कार्डावरच असतात. दर वेळी कार्ड वाचत बसायला नको म्हणून हा प्रोग्राम त्या नोंदींचा काही भाग आपल्या मेमरीत उतरवून ठेवतो. आणि ही मेमरी, म्हणजे `iopMemory.bin`, सेव्ह स्टेटमध्ये जशीच्या तशी गोठलेली असते.

म्हणजे सोमवारी तुम्ही शनिवार लोड केला तेव्हा खेळाच्या हातात शनिवारच्या नोंदी आल्या. कार्ड मात्र रविवारचं. जुना सातबारा हातात धरून मधल्या काळात विकली गेलेली जमीन पुन्हा विकायला निघालेल्या माणसासारखी खेळाची अवस्था. शनिवारी जे तुकडे मोकळे होते तिथे आता कोलॉसस राहायला आलाय हे त्याला ठाऊक नाही. तो बिनधास्त त्यावर लिहितो आणि 'सेव्ह पूर्ण झाली' असंही सांगतो. सॅन अँड्रियासची सेव्ह कदाचित ठीकही असेल. मेलेला असतो तो शेजारचा, आणि ते तुम्हाला तो खेळ उघडाल तेव्हा कळतं.

PCSX2 च्या कर्त्यांनी यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. स्टेट लोड झाली की एम्युलेटर क्षणभर कार्ड उपटल्याचं नाटक करतो आणि मग ते परत खोचतो. खेळाला वाटतं, कुणीतरी कार्ड बदललं. तो निमूटपणे नोंदी नव्याने वाचतो. काही आवृत्त्यांत मेमरी कार्डांच्या सेटिंगमध्ये स्टेट लोड झाल्यावर कार्ड आपोआप काढण्याचा हा पर्याय दिसतो. तो मुळात चालूच असतो, आणि तो चालूच राहू द्या. 'गिटार हीरो' सारख्या काही खेळांना कार्ड असं मध्येच गेलेलं खपत नाही, म्हणून काही जण तो बंद करतात आणि मग विसरतात. अशा खेळासाठी वेगळं कार्ड बनवणं हा त्यापेक्षा बरा मार्ग. कार्ड म्हणजे शेवटी एक फाइलच. दुकानातून विकत आणायचं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. कार्डावर लिहिणं चालू असतानाच F1 किंवा F3 दाबू नका. खेळ पडद्यावर 'कार्ड काढू नका' असं बजावतो ते आपल्यालाही लागू आहे. PCSX2 च्या आताच्या आवृत्त्या कार्ड लिहून झालं की कोपऱ्यात तसा निरोप दाखवतात. तो उमटेपर्यंत थांबायला दोन सेकंद लागतात.

काडतुसांचं उलटं गणित

प्लेस्टेशन-टूमध्ये कार्ड स्टेटच्या बाहेर असतं म्हणून घोळ. काडतुसांच्या खेळांत बहुतेक वेळा सेव्हची मेमरी स्टेटच्या आत असते, आणि म्हणून वेगळाच घोळ होतो.

निन्टेन्डोच्या जुन्या काडतुसांत एक बारकं चपटं बॅटरीचं बटण असायचं. 1987 साली अमेरिकेत आलेल्या 'द लेजंड ऑफ झेल्डा' च्या सोनेरी काडतुसात ते होतं, आणि त्याच्या जिवावर सेव्ह जिवंत राहायची. पुढे गेमबॉय अॅडव्हान्सवर बऱ्याच खेळांनी फ्लॅश चिप वापरली, तिला बॅटरी लागत नाही. एम्युलेटरवर या साऱ्याची एक साधी फाइल होते: रेट्रोआर्कमध्ये `.srm`, इतरत्र बहुधा `.sav`.

पण स्टेट घेताना एम्युलेटर अख्खं मशीन गोठवतो, आणि काडतुसातली ही मेमरी मशीनचाच भाग धरली जाते. समजा महिनाभर तुम्ही एमराल्ड इमानदारीत खेळातल्या मेनूतून सेव्ह करत आलात. एक दिवस गडबडीत हात लोडच्या बटणावर पडला आणि महिन्यापूर्वीची स्टेट उघडली. तुम्ही म्हणाल, काही बिघडलं नाही, बंद करतो आणि इन-गेम सेव्हवरून सुरू करतो. आणि नेमकं तिथेच फसता. स्टेटबरोबर महिन्यापूर्वीची सेव्हही मेमरीत आली, आणि खेळ बंद करताना रेट्रोआर्कने ती `.srm` मध्ये लिहून टाकली. महिनाभराचं सारं गेलं. पडद्यावर कुठे चूक नाही, इशारा नाही, फाइलही धडधाकट.

रेट्रोआर्कच्या सेव्हिंगच्या सेटिंगमध्ये यावर उतारा आहे. कॉन्फिग फाइलमध्ये त्याचं नाव असं दिसतं:

```
block_sram_overwrite = "true"
autosave_interval = "10"
```

पहिली ओळ म्हणते, स्टेट लोड झाली तरी काडतुसातली सेव्ह तिच्याबरोबर मागे नेऊ नकोस. याने एखाद्या खेळाच्या मेमरीत एक आणि काडतुसात दुसरंच अशी विसंगती येऊ शकते आणि खेळ गोंधळू शकतो, असं रेट्रोआर्क स्वतःच सांगतं. म्हणून हे सर्वांसाठी डोळे मिटून लावायचं औषध नव्हे. लांबलचक खेळ खेळणाऱ्यांनी मात्र जरूर लावावं. दुसरी ओळ दर दहा सेकंदांनी `.srm` डिस्कवर उतरवायला सांगते. हा पर्याय बंद असेल तर तुम्ही खेळात सेव्ह केलेलं आधी फक्त मेमरीत राहतं आणि खेळ रीतसर बंद केल्यावरच फाइलमध्ये उतरतं. फोनवर अॅप वर सरकवून उडवायची सवय असलेल्यांनी ही ओळ पुन्हा एकदा वाचावी.

पोकेमॉनवाल्यांचं एक कौतुक इथेच करतो. गेमबॉय अॅडव्हान्सवरचे त्यांचे खेळ एकाच सेव्हच्या दोन प्रती आलटून पालटून लिहितात. प्रत्येक प्रतीत चार-चार किलोबाइटचे 14 तुकडे, म्हणजे 57,344 बाइट. नवी प्रत लिहिताना वीज गेली तरी आधीची शाबूत असते, आणि खेळ 'सेव्ह खराब झाली, आधीची उघडतो' असं सांगून तीच उघडतो. यामुळेच त्यांना 128 किलोबाइटची फ्लॅश चिप लागते. एम्युलेटर किंवा त्याचा कोअर बदलल्यावर सेव्हचा प्रकार चुकून 64 किलोबाइटचा धरला गेला, तर 'फायररेड' एक विचित्र वाक्य दाखवतो, की 1M चं उप-सर्किट बोर्ड बसवलेलं नाही. घाबरू नका. 1M म्हणजे एक मेगाबिट, म्हणजेच ते 128 किलोबाइट. सेटिंगमध्ये सेव्हचा प्रकार नीट निवडला की बोर्ड बसतो. तोवर मात्र आहे त्या फाइलीवर सेव्ह करायचा हट्ट धरू नका.

अपडेट केलं आणि स्टेट रुसली

आता ज्यासाठी लोक डोकं धरून बसतात ते पाहू. PCSX2 च्या सोर्स कोडमध्ये सेव्ह स्टेटच्या आवृत्तीचा एक 32 बिटांचा आकडा ठेवलेला आहे. त्याचे दोन भाग. किरकोळ बदल झाला आणि जुन्या स्टेट चालणार असतील तर खालचे 16 बिट वाढवायचे. मोठा बदल होऊन जुन्या स्टेट बाद होणार असतील तर वरचे 16 बिट वाढवायचे आणि खालचे शून्य करायचे. ही सूचना कर्त्यांनी तिथेच शेरा म्हणून लिहून ठेवली आहे. हा आकडा प्रत्येक `.p2s` च्या आत `PCSX2 Savestate Version.id` नावाच्या बारक्या फाइलीत जातो. वरचा भाग जुळला नाही की एम्युलेटर दार लावून घेतो.

असं का? त्याच झिपमध्ये `PCSX2 Internal Structures.dat` नावाची फाइल असते. तिच्यात एम्युलेटरचा स्वतःचा हिशोब असतो: कुठला टायमर किती मोजून झाला, कुठलं काम अर्धवट आहे वगैरे. सगळं एकापाठोपाठ एक, प्रत्येक नोंदीला वेगळी पाटी न लावता. उद्या एखाद्या प्रोग्रामरने आवाजाची जुनी चूक सुधारताना मध्येच चार बाइटची एक नवी नोंद घातली की तिच्यानंतरचं सारं चार बाइटांनी सरकतं. जुनी फाइल नव्या पद्धतीने वाचली तर टायमरच्या जागी भलताच आकडा येईल. तेव्हा नकार हे एम्युलेटरने दाखवलेलं सौजन्य समजा. लोड होऊन दोन तासांनी कोसळणारी स्टेट त्याहून वाईट.

सगळे एम्युलेटर सारखे कडक नसतात. डॉल्फिनही स्टेटच्या आवृत्तीचा आकडा ठेवतो आणि तो जुळला नाही तर नकार देतो. पीएसपीचा PPSSPP मात्र मोठ्या मनाचा. त्याने स्टेटच्या प्रत्येक भागाला वेगवेगळा आवृत्तीचा आकडा दिला आहे, त्यामुळे जुन्या स्टेट तो बऱ्याचदा उघडतो. पण उघडल्यावर सांगतो, आता खेळात सेव्ह करा, पुन्हा सुरू करा आणि तिथून खेळा, म्हणजे त्रास कमी. ज्यांनी एम्युलेटर लिहिला त्यांचाच सल्ला आहे हा. आपण कोण शंका घेणार?

आणि जी स्टेट उघडते तिच्याबरोबर जुनी आजारपणंही येतात. समजा जुन्या आवृत्तीत एका खेळातला दरवाजा कधीच उघडत नव्हता आणि नव्या आवृत्तीत ती चूक सुधारली. पण तुमची स्टेट त्या चुकीनंतर घेतलेली असेल तर खेळाच्या मेमरीत चुकीचा परिणाम आधीच कोरलेला आहे. एम्युलेटर कितीही सुधारला तरी दरवाजा बंदच. चीट आणि 60 फ्रेमचे पॅच यांचंही तेच. ते खेळाच्या मेमरीतच लिहिले जातात, म्हणून सेटिंगमधून काढले तरी जुन्या स्टेटमधून परत येऊ शकतात. एखाद्या चुकीची तक्रार करायला गेलात की कर्ते आधी विचारतात, स्टेटशिवाय सुरू करून पाहिलंत का? ते टाळाटाळ करत नसतात.

1.6 वरून 2.0 वर, सेव्हसकट

एक खरं स्थलांतर घेऊ. PCSX2 ची 1.6.0 आवृत्ती 2020 ची, 32 बिटांची आणि चित्र-आवाजासाठी वेगवेगळे प्लगिन लागणारी. 2.0 आली जुलै 2024 मध्ये: 64 बिटांची, प्लगिन हद्दपार, चेहरामोहराही नवा. मधल्या काळात स्टेटचा वरचा आकडा बदललेला आहे, म्हणजे 1.6 ची एकही स्टेट 2.0 मध्ये उघडणार नाही. मेमरी कार्ड मात्र सुखाने उघडतं, कारण कार्डाचा आराखडा PCSX2 ने ठरवलेला नाही. तो सोनीने ठरवला, आणि तो बदलण्याची आता कुणाला गरज नाही.

म्हणून काम अपडेटच्या आधीच करायचं, आणि ते जुन्या आवृत्तीतच करावं लागतं. स्टेटचे दहा स्लॉट आहेत; ज्या-ज्या स्लॉटमध्ये तुमचा जीव अडकलाय तो एकेक करून जुन्या 1.6 मध्ये लोड करा. सॅन अँड्रियास असेल तर मिशन संपवा किंवा सोडा, घरी जा, फ्लॉपीवर उभे राहा आणि सेव्ह करा. खेळाला सेव्हच्या आठ जागा आहेत, तेव्हा एकीवर एक लिहू नका. मग एम्युलेटर पूर्ण बंद करा. पुन्हा उघडून खेळ अगदी सुरुवातीपासून, स्टेटला हात न लावता चालू करा आणि कार्डावरून ती सेव्ह उघडून पाहा. सीजे घरात उभा दिसला की त्या सेव्हची खात्री झाली. लोक नेमकी हीच पायरी गाळतात, कारण सेव्ह झाल्याचा निरोप पाहून त्यांचं समाधान झालेलं असतं.

आता `memcards` फोल्डरची नक्कल दुसरीकडे ठेवा. विंडोजवर ते बहुधा `Documents\PCSX2` मध्ये असतं. नक्कल करताना एम्युलेटर बंद हवा. तुमचं डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हशी जोडलेलं असेल आणि तुम्ही दोन कॉम्प्युटरवर खेळत असाल, तर एकावर खेळ चालू असताना दुसऱ्यावर चुकूनही सुरू करू नका. दोन्हीकडून एकच कार्ड लिहिलं गेलं की कुणाचं खरं मानायचं हे वनड्राइव्हला कळत नाही.

2.0 जुन्या फोल्डरवर न पसरवता नव्या फोल्डरमध्ये बसवा. तिकडे कार्ड आणि बायोस न्या, तेही तुमच्याच कन्सोलमधून काढलेलं. `inis` मधल्या जुन्या सेटिंग नेऊ नका. त्या अस्तित्वात नसलेल्या प्लगिनांची चौकशी करत बसतील. पहिल्यांदा खेळ उघडताना मागच्या ठिकाणाहून पुढे सुरू करू का असा प्रश्न आला तर नको म्हणा, तीही स्टेटच असते. आणि 1.6 चं फोल्डर लगेच उडवू नका. एखादी विसरलेली स्टेट महिन्याभराने आठवली तर ती उघडणारं दुसरं काही जगात नसतं.

नव्या आवृत्तीत आलात की एक सोय जरूर वापरा: फोल्डरच्या रूपातलं मेमरी कार्ड. यात प्रत्येक खेळाची सेव्ह डिस्कवर वेगळ्या फोल्डरमध्ये राहते, म्हणजे एका खेळाने शेजारच्याच्या जागेत घुसायचा प्रश्न बराचसा मिटतो. जुनं कार्ड त्या रूपात बदलून घेता येतं. वरच्या सोमवारच्या प्रसंगात कोलॉसस वाचला असता तो असा.

फोनवाल्यांसाठी थोडक्यात. अँड्रॉइडवर अॅप काढून टाकलं की `Android/data` मधलं त्याचं फोल्डरही जातं, सेव्हसकट. प्ले स्टोअरवरचं अॅप आणि संकेतस्थळावरून उतरवलेली एपीके यांच्या सह्या वेगळ्या असल्या तर एकावर दुसरं चढत नाही आणि फोन आधीचं काढायला सांगतो. तिथे हो म्हणण्याआधी सेव्हचं फोल्डर बाहेर काढून ठेवा. ज्या एम्युलेटरमध्ये सेव्हसाठी स्वतःचं फोल्डर निवडता येतं, तिथे पहिल्याच दिवशी ते `Android/data` च्या बाहेरचं निवडा.

खराब झालंय की हरवलंय?

अपडेटनंतर 'सगळं करप्ट झालं' असं ऐकू येतं त्यातल्या पुष्कळ वेळा करप्ट काहीच झालेलं नसतं. पडताळायची सोपी खूण आहे फाइलचा आकार. प्लेस्टेशन-टूचं नेहमीचं 8 मेगाबाइटचं कार्ड PCSX2 मध्ये 8,650,752 बाइट भरतं. हा आकडा विचित्र वाटतो, पण हिशोब सरळ आहे: 16,384 पानं, प्रत्येकात 512 बाइट माहिती आणि चूक पकडण्यासाठी 16 बाइट जादा. पहिल्या प्लेस्टेशनचं कार्ड 1,31,072 बाइट, म्हणजे 128 किलोबाइट. फाइल याहून लहान किंवा शून्य बाइटची असेल तर ती खरंच गेली, नक्कल काढा. स्टेटच्या बाबतीत झिप उघडतच नसेल तर फाइल फाटलेली आहे, आणि झिप नीट उघडत असूनही एम्युलेटर नाही म्हणत असेल तर भांडण फक्त आवृत्तीचं आहे. जुना एम्युलेटर ती आजही उघडेल. PCSX2 स्टेटवर नवी स्टेट लिहिताना आधीची `.p2s.backup` नावाने बाजूला ठेवतो, तेव्हा फाटलेल्या फाइलीच्या शेजारी एकदा नजर टाका.

आकार बरोबर आहे आणि तरी खेळ म्हणतो कार्ड कोरं आहे, फॉरमॅट करू का? बहुतेक वेळा नव्या आवृत्तीने वेगळ्याच फोल्डरमध्ये एक नवं कोरं कार्ड बनवून खोचलेलं असतं आणि तुमचं जुनं कार्ड आपल्या जागी ठणठणीत असतं. पण क्वचित तुमचंच कार्ड चुकीचं वाचलं जात असतं, आणि अशा वेळी 'हो' म्हटलं तर परतीचा रस्ता बंद. तेव्हा उत्तर नेहमी 'नाही' द्या, खेळ बंद करा आणि सेटिंगमधलं मेमरी कार्डांचं पान उघडून कुठल्या फोल्डरमधलं कुठलं कार्ड खोचलंय ते आधी बघा.